आठ पुड्या, दोन उत्तरं: प्रमाण विचलन हाताने काढताना ८ ने भागायचं की ७ ने?

सांगलीत हळद पावडर भरणारा एखादा बचत गट डोळ्यांसमोर आणा. दिवसभरात २०० ग्रॅमच्या चारेकशे पुड्या भरल्या जातात. हाताने भरलेली पुडी बरोबर २०० ग्रॅमच भरेल असं कुणी म्हणणार नाही. कुठे चमचाभर जास्त जाते, कुठे कमी. गटाला दोन गोष्टी कळायला हव्यात. एक म्हणजे पुडी सरासरी किती भरते, आणि दुसरी म्हणजे पुडीपुडीत फरक किती पडतो. सरासरी सगळ्यांनाच काढता येते. फरकाचं माप म्हणजे प्रमाण विचलन, म्हणजेच स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि तिथेच घोळ होतो.

समजा, दिवसाच्या मालातून ८ पुड्या काढून वजन केलं आणि ग्रॅममध्ये हे आकडे मिळाले:

२०३, १९८, २०१, २०५, १९७, २००, २०२, २०२

हेच आकडे दोघांना दिले तर एकाचं उत्तर २.४५ ग्रॅम येईल आणि दुसऱ्याचं २.६२ ग्रॅम. आकडेमोड दोघांचीही बरोबर असेल. पहिल्याने शेवटी ८ ने भागलं, दुसऱ्याने ७ ने. कुणाचं उत्तर घ्यायचं, आणि ७ आले कुठून, हे नीट समजावं म्हणून आधी पूर्ण गणित हाताने करू.

## वजन घेताना

काटा किमान १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मग भरलेली पुडी ठेवायची. समजा हे करायचं राहिलं आणि प्रत्येक वजनात पिशवीचे ३ ग्रॅम धरले गेले. मग सरासरी ३ ग्रॅमने फुगेल, पण प्रमाण विचलन तेच येईल. सगळे आकडे एकदमच ३ ने वर सरकले, त्यांच्यातलं आपापसातलं अंतर काही बदललं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आकडेमोड सोपी करायला ती कामाला येणार आहे.

पुड्या कशा निवडल्या हे मात्र वजनाइतकंच महत्त्वाचं. सकाळी पहिल्या भरलेल्या ८ पुड्या उचलल्या तर त्यांत फार तर एकाच बाईचा हात आणि एकाच वेळची हळद येईल. दुपारनंतर हात थकतो, पोत्याच्या तळाची पावडर वेगळी बसते, भरणारी बदलते. हा फरक पहिल्या आठांत दिसणारच नाही आणि पुढे कशानेही भागलं तरी तो भरून निघणार नाही. म्हणून पुड्या दिवसभराच्या सगळ्या मालातून, न बघता, चिठ्ठ्या टाकून काढाव्यात.

## सरासरी आणि तिच्यापासूनचं अंतर

आठही वजनांची बेरीज १६०८ येते. तिला ८ ने भागलं की सरासरी २०१ ग्रॅम.

आता प्रत्येक वजनातून २०१ वजा करायचे. जे उरतं ते त्या पुडीचं सरासरीपासूनचं विचलन. पुडी भारी असेल तर धन, हलकी असेल तर ऋण. शेजारी त्याचा वर्ग लिहायचा.

| वजन | विचलन | वर्ग |
|---|---|---|
| २०३ | २ | ४ |
| १९८ | -३ | ९ |
| २०१ | ० | ० |
| २०५ | ४ | १६ |
| १९७ | -४ | १६ |
| २०० | -१ | १ |
| २०२ | १ | १ |
| २०२ | १ | १ |
| बेरीज १६०८ | ० | ४८ |

मधल्या रकान्याची बेरीज शून्य आली पाहिजे. ही तपासणी चुकवू नका. शून्य आलं नाही तर एकतर सरासरी चुकली आहे, किंवा कुठेतरी वजाबाकी चुकली आहे, किंवा चिन्ह उलटं पडलं आहे. वर्ग करण्याआधी ती चूक सापडली तर सापडली, कारण एकदा वर्ग झाला की -४ चं आणि ४ चं दोघांचंही १६ होतं आणि चिन्हाचा पत्ताच उरत नाही.

वर्ग करायचे तेही ह्याच शून्यामुळे. विचलनांची सरळ सरासरी काढायला गेलं तर ती कायम शून्यच येणार, आकडे कितीही विखुरलेले असोत. वर्ग केल्याने ऋण चिन्ह जातं, आणि सरासरीपासून लांबच्या पुडीला जास्त महत्त्व मिळतं. इथे २०५ आणि १९७ या दोनच पुड्यांनी ४८ पैकी ३२ उचलले आहेत. एखादं वजन वाचताना चूक झाली, म्हणजे समजा २०५ ऐवजी २१५ लिहिलं गेलं, तर एवढा एक आकडा सगळं उत्तर ओढून नेतो. वर्गांच्या रकान्यात एखादा आकडा बाकीच्यांच्या तुलनेत फारच मोठा दिसला तर ती पुडी पुन्हा काट्यावर ठेवून बघा.

आपल्या हातात आता ४८ आहेत, विचलनांच्या वर्गांची बेरीज. इथपर्यंत दोन्ही उत्तरांचा रस्ता एकच आहे.

## भागाकार आणि वर्गमूळ

४८ ला ८ ने भागलं तर ६. ७ ने भागलं तर ६.८५७. या आकड्याला व्हेरिअन्स म्हणतात. त्याचं एकक वर्ग ग्रॅम असतं, आणि वर्ग ग्रॅममध्ये विचार कुणालाच करता येत नाही, म्हणून वर्गमूळ काढून पुन्हा ग्रॅमवर यायचं.

वर्गमूळ शाळेतल्या भागाकार पद्धतीने काढलं तरी चालतं, पण त्याहून झटपट एक रीत आहे. ६.८५७ चं मूळ हवं असेल तर आधी अंदाज बांधायचा. २.६ चा वर्ग ६.७६, म्हणजे उत्तर त्याच्या जरा पुढे. आता ६.८५७ ला २.६ ने भागायचं, येतात २.६३७. खरं मूळ २.६ आणि २.६३७ यांच्या मध्येच कुठेतरी असणार, म्हणून दोघांची सरासरी घ्यायची: २.६१९. याचा वर्ग करून बघा, ६.८५९ येतो. एकाच फेरीत काम झालं. वजनच जर पूर्ण ग्रॅममध्ये घेतलं असेल तर उत्तर २.६ असं सांगणं पुरेसं आहे. इथे फक्त तुलनेसाठी २.६२ ठेवू. ६ चं वर्गमूळ तसंच काढलं तर २.४५ मिळतं.

## सरासरी अपूर्णांकात आली तर

वर सरासरी बरोबर २०१ आली म्हणून सगळं गोड झालं. खऱ्या वजनांत असं क्वचितच होतं. समजा नववी पुडी काढली आणि ती १९५ भरली. बेरीज १८०३ झाली, सरासरी २००.३३३…, न संपणारी. आता नऊ वेळा २००.३३३ वजा करून त्यांचे वर्ग करत बसणं कुणालाही नको वाटेल.

अशा वेळी बरेचजण पुस्तकातलं छोटं सूत्र धरतात: मूळ आकड्यांच्या वर्गांची बेरीज घ्या आणि तिच्यातून सरासरीचा वर्ग गुणिले पुड्यांची संख्या वजा करा. सूत्र खरं आहे, पण आकडे आधी लहान न करता ते वापरणं धोक्याचं आहे. नऊ वजनांच्या वर्गांची बेरीज ३,६१,२८१ होते. सरासरी एकाच दशांश स्थळापर्यंत, म्हणजे २००.३ धरली तर तिचा वर्ग गुणिले ९ म्हणजे ३,६१,०८०.८१. वजाबाकी २००.१९. खरं उत्तर आहे ८०. सरासरीतल्या ०.०३ एवढ्याशा फरकाने उत्तर अडीच पट झालं. दोन दशांश स्थळं घेऊन २००.३३ धरली तरी ९२ येतात. आणि कुणी २००.४ धरली तर उत्तर चक्क उणे १६० येतं. वर्गांची बेरीज ऋण कधीच असू शकत नाही, त्यामुळे ऋण उत्तर दिसलं की समजायचं, सरासरी लवकर तोडली गेली. पण २०० किंवा ९२ असं चुकीचं धन उत्तर आलं तर ते बघून काहीच कळत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

असं होण्याचं कारण सोपं आहे. ३ लाख ६१ हजारांच्या दोन आकड्यांतून ८० एवढाच फरक शोधायचा आहे. त्यांतला एक आकडा हजारात एका वाट्यानेही हलला तर तो हलणं ८० च्या चौपटीहून जास्त होतं.

यावर उपाय म्हणजे आधी सगळ्या आकड्यांमधून एक सोयीचा पूर्णांक वजा करून टाकणं. पिशवीच्या ३ ग्रॅमांची गोष्ट आठवा, सगळे आकडे सारखेच सरकले तर प्रमाण विचलन बदलत नाही. इथे २०० वजा करू. उरतात:

३, -२, १, ५, -३, ०, २, २, -५

यांची बेरीज ३. वर्ग ९, ४, १, २५, ९, ०, ४, ४, २५, त्यांची बेरीज ८१. आता बेरजेचा वर्ग भागिले ९, म्हणजे ९ भागिले ९, म्हणजे १. तो ८१ मधून वजा केला की ८०. सरासरी अपूर्णांकात होती तरी तिला हातही लावावा लागला नाही, आणि तोंडी जमेल इतकं गणित झालं. पहिल्या आठांवर हीच रीत वापरून बघा: बेरीज ८, वर्गांची बेरीज ५६, त्यातून ६४ भागिले ८ म्हणजे ८ वजा, उरले ४८. वरच्या कोष्टकातलंच उत्तर.

तुम्हाला विचलनांचाच रस्ता आवडत असेल तर सरासरी २००.३ धरून विचलनं काढली तरी फारसं बिघडत नाही. वर्गांची बेरीज ८०.०१ येते. म्हणजे सरासरी थोडी तोडलेली असली तरी विचलनांची रीत ती सोसते, मोठ्या आकड्यांचं छोटं सूत्र सोसत नाही. म्हणून मी मुलांना एकच सांगतो: छोटं सूत्र वापरायचं असेल तर आकडे आधी लहान करून घ्या.

## मग ७ कुठून आले

पुन्हा आठ पुड्यांकडे येऊ. प्रश्न असा आहे की आपल्याला बोलायचं कुणाबद्दल आहे? त्या आठ पुड्यांबद्दल, की दिवसभरात भरलेल्या सगळ्या ४०० पुड्यांबद्दल?

एखाद्या दुकानदाराने आठच पुड्या मागवल्या आणि त्याच आठांत किती फरक आहे एवढंच त्याला बघायचं असेल, तर त्याच्या दृष्टीने जग तेवढंच. त्या आठ पुड्या म्हणजे त्याची पूर्ण समष्टी. तिथे ८ ने भागायचं, उत्तर २.४५. इथे अंदाज असा काहीच नाही, सगळं समोर मोजलेलं आहे.

गटाचं तसं नाही. त्यांना त्या आठांचं काही पडलेलं नाही, त्यांना ४०० चं सांगायचं आहे. आठ पुड्या हा नमुना. आणि इथे एक अडचण येते. ४०० पुड्यांची खरी सरासरी आपल्याला माहीत नाही. तिच्या जागी आपण त्याच आठांतून काढलेली २०१ वापरली. आठांची स्वतःची सरासरी ही त्या आठांच्या सगळ्यांत जवळ बसणारी संख्या असते. तिच्यापासून मोजलेल्या वर्गांची बेरीज सगळ्यांत लहान येते, दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून मोजली तर ती वाढतेच.

हे पडताळून बघता येतं. २०१ पासून बेरीज ४८ आली. २०० पासून मोजली तर वर आलेली ५६. २०२ पासून मोजली तरी ५६. समजा ४०० पुड्यांची खरी सरासरी २०० असेल, तर खऱ्या मध्यापासून या आठ पुड्यांचा पसारा ५६ आहे आणि आपण तो ४८ च मोजला. खरी सरासरी २०२ असेल तरी तेच. नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीवर नेमकी बसली तरच तोटा होणार नाही, आणि असं सहसा होत नाही. म्हणजे नमुन्याच्या सरासरीपासून मोजलेली बेरीज एकतर बरोबर असते किंवा कमी असते, जास्त कधीच नसते. चूक एकाच बाजूला झुकलेली आहे. ती भरून काढायला भाजक थोडा लहान करायचा.

थोडा म्हणजे किती? बरोबर एकाने. याचं कारण विचलनांच्या रकान्यातल्या त्या शून्यात आहे. आठ विचलनांपैकी सात कुणी सांगितली की आठवं आपोआप ठरतं, कारण बेरीज शून्य व्हायलाच हवी. कोष्टकातलं शेवटचं विचलन झाकून बघा: २, -३, ०, ४, -४, -१, १ यांची बेरीज -१ होते, म्हणून झाकलेलं १ असलंच पाहिजे. आठ विचलनं लिहिली असली तरी त्यांत पसाऱ्याची स्वतंत्र माहिती सातच ठिकाणी आहे. उरलेली एक माहिती सरासरी काढण्यात खर्च झाली. या साताला स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. सर्वसाधारणपणे नमुन्यात n आकडे असतील तर भाजक n-1.

एकच पुडी काढली तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. तिची सरासरी तीच, विचलन शून्य. १ ने भागलं तर प्रमाण विचलन शून्य येतं, म्हणजे सगळ्या ४०० पुड्या तंतोतंत सारख्या असल्याचा दावा होतो. n-1 ने भागायला गेलं तर शून्य भागिले शून्य, उत्तरच निघत नाही. आणि तेच खरं आहे. एका पुडीवरून फरकाबद्दल काहीच सांगता येत नाही.

## तीन चिठ्ठ्यांवर पडताळा

«एकानेच का» हे ऐकून पटलं तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. त्यासाठी इतकी लहान समष्टी घेऊ की तिचे सगळे नमुने मांडता येतील. तीन चिठ्ठ्या घ्या, त्यांवर १, ४, ७ लिहा. सरासरी ४, विचलनं -३, ०, ३, वर्गांची बेरीज १८. हीच पूर्ण समष्टी आहे, म्हणून ३ ने भागायचं. खरा व्हेरिअन्स ६.

आता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहून परत टाका, मग दुसरी काढा. असे दोन-दोनचे नऊ नमुने शक्य आहेत. प्रत्येक नमुन्याची स्वतःची सरासरी घेऊन तिच्यापासूनच्या वर्गांची बेरीज काढू.

१-१, ४-४ आणि ७-७ या तीन नमुन्यांत फरकच नाही, बेरीज ०. १-४ आणि ४-१ या दोघांची सरासरी २.५, विचलनं -१.५ आणि १.५, बेरीज ४.५. ४-७ आणि ७-४ यांचीही तशीच ४.५. १-७ आणि ७-१ यांची सरासरी ४, विचलनं -३ आणि ३, बेरीज १८.

नऊ नमुन्यांच्या बेरजा एकत्र केल्या तर ०, ९, ९ आणि ३६, एकूण ५४. नऊने भागलं की दर नमुन्यामागे सरासरी ६.

प्रत्येक नमुन्यात दोन आकडे होते. २ ने भागलं असतं तर व्हेरिअन्सची सरासरी ३ आली असती, खऱ्याच्या निम्मी. २ वजा १, म्हणजे १ ने भागलं तर सरासरी ६. खऱ्या व्हेरिअन्सवर नेमकं बोट. हवं तर दुसरे कुठलेही तीन आकडे घेऊन करून बघा, प्रत्येक वेळी असंच जुळेल.

चिठ्ठी परत टाकली नाही तर काय, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि विचारायलाच हवा. मग तीनच जोड्या उरतात: ४.५, ४.५ आणि १८. त्यांची सरासरी ९, सहा नव्हे. समष्टीच्या १८ ला ३ ऐवजी २ ने भागलं की तेच ९ मिळतात. म्हणून नमुना पाहणीच्या शास्त्रात मोजक्या N घटकांच्या समष्टीचा व्हेरिअन्ससुद्धा N-1 ने भागून मांडण्याचा प्रघात आहे, सूत्रं त्याने सुटसुटीत होतात. तीन चिठ्ठ्यांत हा फरक मोठा दिसतो. ४०० पुड्यांत ४०० ने भागा किंवा ३९९ ने, काही बिघडत नाही.

या शास्त्राचं आपल्या भागाशी जवळचं नातं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पिकाचा उतारा ठरवण्यासाठी शेतं आणि त्यांतले तुकडे यदृच्छेने निवडून कापणी करायची, या पद्धतीला भारतात शास्त्रशुद्ध पाया देणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी आहे. आजही गावात पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा सगळं शिवार मोजत नाहीत. निवडलेल्या थोड्या प्लॉटवरून सगळ्याचा अंदाज बांधतात. तिथलं प्रमाण विचलन काढताना कशाने भागायचं, हा प्रश्न आपल्या आठ पुड्यांच्याच जातीचा आहे.

## ७ ने भागूनही काय सुधारत नाही

n-1 ने भागल्यावर व्हेरिअन्स सरासरीने बरोबर येतो. वर्गमूळ घेतल्यावर मात्र प्रमाण विचलन पुन्हा किंचित कमीच पडतं. चिठ्ठ्यांच्या नऊ नमुन्यांत प्रमाण विचलनं तीन वेळा ०, चार वेळा २.१२ आणि दोन वेळा ४.२४ येतात. त्यांची सरासरी १.८९, आणि खरं प्रमाण विचलन ६ चं मूळ म्हणजे २.४५. नमुना दोनचाच असल्यामुळे ही तूट इतकी दिसते. आठ-दहा आकड्यांवर ती दोन-चार टक्क्यांवर येते, आणि रोजच्या कामात कुणी तिच्यासाठी वेगळी दुरुस्ती करत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की आठ आकड्यांवरून काढलेलं प्रमाण विचलन मुळातच ढोबळ असतं. पुड्यांची वजनं साधारणपणे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेली असतील असं धरलं, तर आपल्या ४८ आणि ७ वरून ९५ टक्के खात्रीची मर्यादा सुमारे १.७ ते ५.३ ग्रॅम अशी निघते. एवढ्या रुंद पट्ट्यात २.४५ आणि २.६२ यांच्यातला फरक अगदीच लहान आहे. तरीही भाजक बरोबर निवडायचा, कारण नमुना लहान असताना होणारी चूक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जाते, भाजकाची चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला खेचते. गटाने रोज आठ पुड्या तपासून रोज ८ ने भागलं आणि व्हेरिअन्सची महिन्याची सरासरी काढली, तर नमुन्याची चूक बरीचशी निवळेल, भाजकाची जशीच्या तशी राहील. ती सातअष्टमांशच, म्हणजे साडेबारा टक्के कमी येत राहील.

नमुना मोठा असेल तर हा वादच संपतो. ४८ च्या जागी कितीही बेरीज असो, १०० ने भागा की ९९ ने, प्रमाण विचलनात अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो. पाच, सहा, आठ आकडे असतात तेव्हाच भाजकाचा विचार मनापासून करावा लागतो.

## कुठे n, कुठे n-1

अकरावीच्या गणितात प्रमाण विचलनाचं जे सूत्र शिकवतात त्यात n ने भागतात. तिथे दिलेले आकडे हीच समष्टी मानलेली असते. परीक्षेत प्रश्नात «नमुना» असं काही म्हटलेलं नसेल तर पुस्तकाप्रमाणे n ने भागा, तिथे n-1 लिहून गुण घालवू नका. प्रयोगशाळेतली मापं, मालाची तपासणी, पीक कापणी, पाहणीतले लोक, अशा ठिकाणी आकडे जवळजवळ नेहमी नमुनाच असतात. तिथे n-1.

एक गफलत फार वेळा दिसते. पुडीवर २०० ग्रॅम छापलेलं आहे म्हणून विचलनं २०० पासून मोजतात आणि ५६ भागिले ८ म्हणजे ७ असं उत्तर देतात. हा आकडा निरुपयोगी नाही, पण तो प्रमाण विचलनाचा नाही. त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: पुड्यांचा आपापसातला फरक, म्हणजे ६, आणि सरासरीच छापील वजनापेक्षा १ ग्रॅमने जास्त आहे त्याचा वर्ग, म्हणजे १. पहिल्यावर उपाय म्हणजे भरणाऱ्यांचा हात एकसारखा करणं, दुसऱ्यावर उपाय म्हणजे मापाचा चमचा बदलणं. दोन्ही एकत्र करून ठेवलं तर नेमकं काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही. छापील वजनाऐवजी खरी सरासरी बाहेरून पक्की माहीत असेल, म्हणजे नमुन्यातून काढावीच लागली नसेल, तर मात्र तिच्यापासून विचलनं मोजून n ने भागणं बरोबर ठरतं. सरासरी काढण्यात माहिती खर्चच झाली नाही, मग एक कमी कशाला करायचा?

उत्तर लिहिताना आकड्यासोबत भाजकही लिहावा. नुसतं «प्रमाण विचलन २.६» यापेक्षा «८ पुड्या, सरासरी २०१ ग्रॅम, प्रमाण विचलन २.६ ग्रॅम, भाजक ७» असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

हाताने काढलेलं उत्तर यंत्रावर ताडून बघताना यंत्र कशाने भागतं ते आधी माहीत हवं. कॅल्क्युलेटरवर `σn` किंवा `σx` दिसलं तर तो n ने भागतो, `σn-1` किंवा `sx` दिसलं तर n-1 ने. एक्सेलमध्ये `STDEV.P` म्हणजे n आणि `STDEV.S` म्हणजे n-1. जुनं `STDEV` सुद्धा n-1 नेच भागतं. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीत काही न सांगता `np.std` वापरलं तर भागाकार n ने होतो, n-1 हवं असेल तर सांगावं लागतं:

```
np.std(x, ddof=1)
```

दुसऱ्याच्या कॅल्क्युलेटरवर किंवा अनोळखी ॲपवर खात्री नसेल तर १, ४, ७ हे तीन आकडे टाकून बघा. २.४४९ आलं तर तो ३ ने भागतोय, आणि पूर्ण ३ आलं तर २ ने.